नऊ फुटांचं गाणं

लंडनमधल्या दोनशे गोऱ्या माणसांना मी एकाच वेळी रडवलं आहे, आणि तेही इथं, नागपुरात, याच खुर्चीवर बसून, गाण्याचा एक शब्दही इंग्रजीत न लिहिता. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. मी स्वतः दर मंगळवारी ठेवत नाही.

"डोळे मिटा आधी," लतिका म्हणाली.

लतिका म्हणजे शेजारच्या वामनरावांची मुलगी. कॉलेजात शिकवते. धंतोलीत माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रोज संध्याकाळी येऊन डोळ्यांत थेंब टाकते. मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून ती पाच मिनिटं मी पंधरापर्यंत ताणतो. मिटल्या डोळ्यांनी गोष्ट चांगली सुचते, आणि ऐकणारा हसतोय की जांभई देतोय ते दिसत नाही.

"सांगा. पण लंडन जरा लवकर येऊ द्या."

पंच्याहत्तर साल. मी कोर्टात भाषांतरकार. उमरेडचा एक विणकराचा पोरगा, गिरिधर त्याचं नाव, एक सिनेमा काढून बसला होता: 'रिकामा माग'. लंडनच्या एका सिनेमा मंडळानं तो मागवला. अट एकच, खाली इंग्रजी अक्षरं हवीत. गिरिधर माझ्याकडे आला, हातात टाइप केलेले चाळीस कागद. कोणतं वाक्य कितव्या फुटाला सुरू होतं, कितव्याला संपतं, सगळं मुंबईच्या एडिटिंग टेबलवर मोजून आणलेलं.

"फुटाला?"

अगं, फिल्म फुटांनीच मोजतात. एका सेकंदात दीड फूट पळते. तेवढ्यात माणूस किती अक्षरं वाचणार? म्हणून नियम असा की एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत बत्तीस अक्षरं, मधल्या रिकाम्या जागा धरून. मी चौसष्ट चिंचोके घेऊन बसायचो. एक अक्षर लिहिलं की एक चिंचोका पुढं सरकवायचा. चिंचोके संपले की वाक्य संपलं, भलेही नायिका बोलतच असेना. कोर्टात मी अख्खी फिर्याद इंग्रजीत घालायचो, इथं "जेवलात का" सुद्धा कापून बसवावं लागलं.

बोलण्याचं काम तीन आठवड्यांत उरकलं. राहिली गाणी. तीन होती. पहिलं लग्नातलं, दुसरं बाजारातल्या थट्टेचं. ती दोन्ही कोरी ठेवू, असं मी म्हटलं आणि गिरिधरनं मान हलवली. नवरीचं लाजणं वाचून कशाला पाहायचं? डोळे खाली अक्षरांवर गेले की वरचा चेहरा निसटतो. भांडण झालं ते तिसऱ्यावरून.

सिनेमातल्या सखूबाईचा नवरा अहमदाबादच्या गिरणीत गेलेला. सात वर्षं झाली. गावात जो विचारील त्याला ती सांगते, "येतेत. दिवाळीले येतेत." सिनेमाभर हेच सांगते. आणि शेवटी एकटी मागावर बसून गाते:

आलं होतं बाई पत्र, म्या चुलीले वाचू देलं
घर त्याचं तिकडंच, गावाले ना कळू देलं

"काकाजी, हे तर लिहाच लागते," गिरिधर म्हणाला. "बाई बोलण्यात खोटं बोलून राहिली अन् गाण्यात खरं. गाणं कोरं ठेवलं तर गोऱ्याईले वाटीन, ती खरंच वाट पाहून राहिली."

"तिनं गावाला सांगितलं नाही. आपण लंडनला काहून सांगायचं?"

"गाव गाणं ऐकून नाही राहिलं गा! पिक्चर पाहणारा ऐकून राहिला!"

शेवटी त्यानं एका टॉकीजवाल्याला गळ घालून सकाळी सातला मला सिनेमा दाखवला. सहाशे खुर्च्या आणि मी एकटा. तेव्हा खरी अडचण दिसली. सखूबाईच्या पुढं मागावर पांढरं सूत ताणलेलं, पडद्याचा खालचा सगळा भाग पांढराफेक. अक्षरंही पांढरीच असतात. ती सुतात विरघळून गेली असती. वर सरकवली तर थेट तिच्या तोंडावर.

"मग?"

गिरिधर हुशार. गाणं सुरू होतं तेव्हा ती अजून मागावर पोचलेलीच नसते, चुलीपाशी असते. मागं काळीकुट्ट भिंत. नऊ फूट. म्हणजे सहा सेकंद. दोन्ही ओळी ती तिथंच एकदा म्हणते, पुढं तीनदा नुसत्या घोळवते. "तिथंच एकदा लिहा," तो म्हणाला, "मंग पुढचं गाणं कोरं. तिचं तोंड पाहतीन लोक." मी घरी येऊन चिंचोके मांडले. एकोणसाठ लागले. पाच उरले. इतकं नेटकं भाषांतर मी आयुष्यात केलं नव्हतं.

आणि तरी तो कागद मी त्याला देईना.

का, ते लतिकाला माहीत असावं. आमचा मुलगा अनंत सहासष्टला लंडनला गेला. तिकडंच लग्न केलं, तिकडच्या मुलीशी. पहिली दोन वर्षं पत्रं आली. मग मी गल्लीला सांगायचो, येतोय, दिवाळीला येतोय.

तर मी त्याला सिनेमाच्या लंडनमधल्या खेळाचं निमंत्रणाचं कार्ड पाठवलं, दोघांनी जा म्हणून. आता विचार कर. अक्षरं असली की सूनबाई मुकाट वाचणार आणि अनंत मुकाट पाहणार. पण गाणं कोरं असलं तर ती त्याला कोपर मारून विचारील, काय म्हणते रे ती? मग त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. पत्र आलं होतं. घर त्याचं तिकडंच. त्या अख्ख्या थेटरात ते सांगू शकणारा तो एकटा. आणि एकदा का फिल्मवर अक्षर उठवलं की संपलं. ठसा दाबतात, ॲसिड टाकतात, ते वरचा थर खाऊन जातं. पुन्हा भरता येत नाही. प्रिंटही एकच. गिरिधर महिनाभर थांबला, मी महिनाभर पोस्टमनची वाट पाहिली.

"आणि अनंतदादाचं उत्तर आलं?"

आलं! तारेनं आलं! 'दोघंही येतो.' मी ताबडतोब तो एकोणसाठ चिंचोक्यांचा कागद चुलीत घातला. गिरिधरला म्हटलं, तिन्ही गाणी कोरी. मग काय सांगू तुला, लंडनला चुलीचं दृश्य आलं, सूनबाईनं कोपर मारलं, अनंत हळूच सांगायला लागला. मागचा म्हणाला, जरा मोठ्यानं. पुढचा म्हणाला, उभे राहून सांगा. आणि माझा अनंत सातव्या रांगेत उभा राहिला, आणि प्रत्येक ओळ खणखणीत इंग्रजीत सांगितली. दोनशे माणसं रडली, लतिका! एक लॉर्ड होता, त्यानं पडद्याला डोळे पुसले. तेव्हापासून अनंतचं पत्र दर महिन्याला...

"काका."

अजून पाच मिनिटं झाली नाहीत.

"काका, ती प्रिंट परत आल्यावर इथल्या फिल्म सोसायटीनं दाखवली होती. मी तेव्हा कॉलेजात होते, मैत्रिणींबरोबर गेले होते. लग्नाचं गाणं कोरं होतं, बाजाराचं कोरं होतं. पण चुलीपाशी अक्षरं होती. दोन ओळी, पांढऱ्याशुभ्र. अनंतदादा येणार असता, तर तुम्ही ती लिहून दिलीच नसती."