एक गोल की दोन

पहिला फटका नकाशाचाच बसला. एका माणसाने भिंतीवरची चौकट उपटली आणि दादाच्या खांद्यावर घातली. काच फुटून तुकडे त्याच्या कॉलरमध्ये शिरले. दादा माझा सख्खा भाऊ, मेट्रो स्टेशनच्या गेटवर असतो. आणि तो नकाशा माझ्या ऑफिसातून गेला होता.

आम्ही नकाशात सर्रास खोटं बोलतो. लाईन खरी कितीही वळवळत जावो, कागदावर ती आडवी, उभी, नाहीतर पंचेचाळीस अंशांत तिरकी. दोन स्टेशनांत हाकेचं अंतर असो की मैलभर, आमच्याकडे सारखंच. त्यात कोणाचं काही बिघडत नाही, कारण माणसाला कुठे चढायचं, कुठे बदलायचं आणि कुठे उतरायचं एवढंच हवं असतं. म्हणून बदलायच्या खुणेत मात्र खोटं चालत नाही. एक पांढरा गोल म्हणजे गेटच्या आतल्या आत गाडी बदला. दोन गोल आणि मध्ये तुटक रेघ म्हणजे बाहेर पडा, चाला, दुसऱ्या गेटने आत जा.

दादाच्या लाल लाईनच्या स्टेशनासमोर रस्ता ओलांडला की निळ्या लाईनचं स्टेशन लागतं. मी तिथे दोन गोल काढले होते. साहेबांनी एकच केला. दोन गोल ठेवायचे तर निळी लाईन एक घर खाली सरकवावी लागे, तिचं तिरकं वळण एक स्टेशन आधी घ्यावं लागे आणि बाजूची नावं पुन्हा बसवावी लागत.

"डोळ्यांना खुपतं," साहेब म्हणाले. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून सूर्य उगवायचा थांबत नाही, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण ते सुचेपर्यंत फाईल छपाईला गेली होती.

मग काय, लोक लाल गाडीतून उतरायचे, आतून निळा फलाट शोधायचे आणि भिंतीवर आपटायचे. बाहेर पडलं की गेट तिकीट गिळायचं. पलीकडे पुन्हा तिकीट, पुन्हा रांग. आणि त्या सगळ्याचा राग काढायला समोर कोण, तर दादा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

खांद्याला टाके पडले त्याच दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"लोकांना हळूहळू सवय होते," ते म्हणाले.

"कसली सवय? माझ्या भावाला मारायची?"

मी त्यांचा चहाचा मग उचलून भिंतीवर फोडला. मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. साहेबांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी सही केली: एका स्टेशनावर लावून बघा.

दोन गोलांचा नवा नकाशा मी स्वतः घेऊन गेले. टाके ओले असूनही दादा कामावर आला होता. सुट्टी घेतली की बदली माणूस मार खातो, असं त्याचं म्हणणं. मी स्टुलावर चढून दुसऱ्या भिंतीवरचा जुना कागद स्टीलच्या मोजपट्टीने ओरबाडत होते, एवढ्यात लाल गाडी आली. भिंतीवर आपटून परतलेली माणसं गेटपाशी दाटली.

"हा नकाशा काढला कोणी?" एक दांडगा माणूस ओरडला. त्याची नजर माझ्या हातातल्या गुंडाळीवर गेली.

मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाला, "मी. मीच काढलाय."

त्याला कॉलर धरून गेटवर आपटलं. कोणाची तरी लाथ त्याच्या पोटात बसली. दांडग्याने त्याचा उजवा हात लोखंडी दांड्यावर दाबून धरला आणि वर बूट हाणला. तो आवाज मी ऐकला. "माझा आहे, मी काढलाय," मी किंचाळत होते आणि एकही डोकं माझ्याकडे वळत नव्हतं. मग हातातली मोजपट्टी मी दांडग्याच्या कानशिलावर ओढली, पुन्हा ओढली. रक्त आलं तरी थांबले नाही. शिट्ट्या वाजल्या तेव्हा दोन शिपायांनी मला मागे खेचलं.

दांडग्यालाही त्याच हॉस्पिटलात आणलं. त्याची बायको निळ्या लाईनवरच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती आणि त्याला तिच्यापर्यंत पोचायचं होतं, हे मला तिथे कळलं. मला त्याची कीव आली आणि तरी पुन्हा मारावंसं वाटलं.

दादाची बोटं पार चुरडली होती. डॉक्टर म्हणाले, दोन वाचणार नाहीत.

"कशाला खोटं बोललास?" मी रडत विचारलं. "नकाशा मी काढला, तर मला मारलं असतं. मारू द्यायचं."

"वेडी आहेस. मला गेटवर उभं राहायला हात लागतो कुठे?" दादा म्हणाला. "तुझा मोडला असता, तर पुढच्या नकाशांत दोन गोल कोणी काढले असते?"