जोडून लिहायचा हॅशटॅग

धाकटीला ऐकू येत नव्हतं. चॅनेलवर ती खुणांची भाषा शिकवायची आणि थोरली बहीण चॅनेल सांभाळायची. प्रत्येक व्हिडिओखाली #हातबोलतात असायचाच. दवाखान्यात दुभाषी मिळावा म्हणून त्यांनी मोहिमेपुरता दुसरा हॅशटॅग काढला होता: #दवाखान्यातदुभाषी. आज दुपारी दवाखान्याच्या प्रमुख बाई तोच शोधून प्रेक्षकांनी तिथल्या अनुभवांबद्दल टाकलेले व्हिडिओ पाहणार होत्या.

सकाळी थोरलीने शोधून पाहिलं. जेमतेम चार व्हिडिओ होते. बाकीच्यांनी मध्ये जागा सोडल्याने हॅशटॅग ‘दवाखान्यात’पाशीच तुटला होता.

“सोपा नवा काढूया,” तिने खुणावलं.

“मग हे चारही हातचे जातील. लाइव्ह सुरू कर.”

धाकटीने कॅमेऱ्यासमोर दोन बोटं घट्ट जुळवली: जागा सोडू नका. थोरलीने दोन्ही हॅशटॅग कमेंटमध्ये सगळ्यात वर पिन केले आणि तिथूनच कॉपी करून जुने मथळे दुरुस्त करायला सांगितलं.

दोघी बैठकीच्या खोलीच्या दाराशी पोचल्या तरी आकडा हलेना. आत बोलावणं आलं, तेव्हा कुठे यादी वाढू लागली.

बाईंनी पहिला व्हिडिओ उघडला. एक म्हातारे छातीवर हात ठेवून घाईघाईने खुणा करत होते.

“हे काय सांगतायत?”

“तेच तर इथे कुणाला कळलं नव्हतं,” थोरली म्हणाली.