न्हाणीघरातले स्पंजाचे सपाते

देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या राजघराण्याच्या, पागेसाठी जिनगरांच्या तीन पिढ्यांनी खोगिरं शिवली आणि चौथी पिढी सपाते शिवायला बसली. हे असं तोंडावर कुणी म्हटलं असतं, तर त्या चौथ्या पिढीतल्या कृष्णाजीने हातातली आरी फेकून मारली असती. पण होतं ते खरंच होतं. संस्थान विलीन झालं, घोडे लिलावात गेले, आणि ज्या माणसाच्या बापाला दसऱ्याला दरबारातून पागोटं मिळायचं, तो माणूस गल्लीतल्या पोरांच्या दप्तरांचे पट्टे शिवू लागला. दहा वर्षं त्याने ते केलं, आणि दहा वर्षं मनातल्या मनात चरफडत केलं.

एकोणसाठ साली स्टेशनरोडच्या विद्यार्थी बोर्डिंगचे सेक्रेटरी भैयासाहेब स्वतः त्याच्या दुकानात आले. भैयासाहेब म्हणजे जुन्या संस्थानातले मामलेदार. नोकरी गेली, तरी चालण्यातला रुबाब गेला नव्हता.

"कृष्णाजी, पोरं पडतायत रे," ते म्हणाले. "न्हाणीघरात. यंदा तिसरा पडला."

बोर्डिंगात बागली, हाटपिपल्या, नालछा अशा गावांची चाळीस पोरं राहायची. न्हाणीघराची फरशी काळ्या दगडाची, पन्नास वर्षांच्या आंघोळींनी गुळगुळीत झालेली, आणि वर साबणाचा बुळबुळीत थर. पोरं लाकडी खडावा घालत. ओल्या दगडावर ओलं लाकूड म्हणजे मरणाला बोलावणंच. कातड्याच्या वहाणा घातल्या तर पंधरा दिवसांत कुजून वास मारायच्या.

"इंदुरात तो नवा रबरी स्पंज आलाय म्हणे. त्याचं काही जमतंय का बघ. जमलं तर धारच्या बोर्डिंगचं कामही तुलाच. तिथले लोक मला विचारूनच सगळं करतात."

भैयासाहेब गेल्यावर कृष्णाजीने हातातला पट्टा बाजूला ठेवला. दोन बोर्डिंगांचं काम! पुन्हा कुणाचा तरी जिनगर व्हायचं, नावानिशी. दप्तरांच्या पट्ट्यांतून सुटायचं. दहा वर्षांत त्याला दुसरं काही नकोच होतं.

इंदुराहून त्याने स्पंजाचे तक्ते आणले. बोटाने दाबून पाहिले, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी कापून बघतो तो आत कोरडं! भोकं होती, पण प्रत्येक भोक आपापल्यापुरतं बंद, त्यामुळे पाणी आत शिरतच नव्हतं. कृष्णाजीला त्या वस्तूचं कौतुक वाटलं, आणि कातड्याशी बेइमानी केल्यासारखंही वाटलं.

त्याने तीन तऱ्हा केल्या. पहिली, अंगठ्याशी पट्टा असलेली चप्पल. पाणी झटकलं की घटकाभरात सुकायची, पण ओल्या कातडीला पट्टा घासून बोटांच्या बेचक्यात फोड यायचा, आणि जोर पडला की पट्ट्याची गाठ तळातून उपटून यायची. दुसरी, वरून एकच रुंद पट्टा. घालायला-काढायला सोपी, पण पायाला साबण लागला की पाऊल पट्ट्याखालून पुढे सरकायचं. चप्पल जागेवर आणि माणूस पुढे. तिसरी तऱ्हा त्याची त्यानेच काढली. पुढून बंद, पाऊल आत धरून ठेवणारा सपाता. बादली आपटली तरी बोटं शाबूत. फक्त पाणी आत साचायचं, म्हणून त्याने पुढे आणि बाजूंना भोकं पाडली.

खोगीर शिवणाऱ्याला वजन कसं पसरतं ते शिकवावं लागत नाही. त्याने टाचेला कड उचलली, पावलाच्या कमानीखाली आणखी एक स्पंजाची पट्टी चिकटवली, आणि तळाला सुरीने आडवे चर पाडले. पाय दाबला की खालचं पाणी त्या चरांतून बाहेर पळायचं आणि स्पंज दगडाला धरायचा. कृष्णाजीने ते घालून न्हाणीघरात साबणाचं पाणी ओतलं आणि भैयासाहेबांसमोर एका पायावर उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, धोतर खोचून, बगळ्यासारखा! पोरं टाळ्या पिटत होती.

"वा भिया, ये तो जमून गेलं!" बागलीचा भास्कर ओरडला. इंटरला होता, हुशार होता, आणि अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा.

चाळीस जोड बोर्डिंगात गेले. पावसाळाभर एक पोरगं पडलं नाही.

तक्रार आली ती वेगळीच. तळ सुकायचा, पण वरच्या भागाची शिवण सुताची होती. ती ओलीच राहायची, आणि पहाटे पोरांच्या पायांना गार लागायची. बोर्डिंगात यमुनाबाई होती. एकटी, विधवा, न्हाणीघरालगतच्या खोलीत राहायची, पहाटे बंब पेटवायची, न्हाणीघर घासायची. ती एक दिवस दुकानावर आली.

"कृष्णाजी, थंडी सुरू झाली. हे लवकर वाळत नाहीत. ऊनही पोचत नाही तिकडं. कुठं ठेवू?"

कृष्णाजी तेव्हा भलत्याच घमेंडीत होता. धारहून निरोप आला होता, की माणूस बघायला येतोय. जन्मभर त्याने गिऱ्हाइकांना एकच गोष्ट बजावली होती, की चामडं आगीजवळ नेऊ नका, तडकेल. आणि आता हातात अशी वस्तू होती, जिला ना पाणी लागत होतं ना बुरशी.

"हे काय चामडं आहे का यमुनाबाई?" तो हसून म्हणाला. "रबर आहे ते. त्याला काही होत नाही. कुठंही ठेवा. बंबापाशी ठेवा खुशाल!"

यमुनाबाई बिचारी सांगेल तसं करणारी. दोन महिने रोज, बंब धगधगत असताना, तिने चाळीस जोड त्याच्याभोवती ओळीने मांडले. पोरांना गरम गरम सपाते मिळाले. सगळे खूश.

पौषात भास्कर न्हाणीघरात पडला, पायात सपाते असताना. उजवं मनगट मोडलं. हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला, आणि परीक्षा दोन महिन्यांवर होती. त्याचा बाप बागलीहून आला आणि बोर्डिंगच्या ओसरीवर बसून राहिला. त्याला तिथं बघून सगळ्यांना जास्तच अपराधी वाटलं.

कृष्णाजी धावत गेला. भास्करचे सपाते उचलून फरशीवर ठेवले आणि वरून बोटाने दाबले. ते डुगडुगले. तळ आखडला होता, कडा वर वळल्या होत्या आणि मधला फुगवटा तेवढा दगडाला टेकत होता. चर मिटले होते. नखाने दाबलं तर स्पंज कडक लागला. बाकीचे जोडही कमीजास्त तसेच झाले होते.

घरी येऊन त्याने दार लावलं, नवा तळ कापून कागदावर त्याची रेघ मारली आणि बायकोच्या चुलीपाशी ठेवला. ती "हे काय?" म्हणाली, तर तिच्यावर खेकसला. चार संध्याकाळी झाल्यावर तळ पुन्हा रेघेवर ठेवला. बोटभर आखूड.  चामड्याबद्दल जे त्याला कळत होतं ते त्याने रबराला लागूच केलं नव्हतं. माहीत नसताना, नुसत्या तोऱ्यात, तो बोलून गेला होता.

रविवारी कमिटी बसली. भैयासाहेब मध्ये, आणखी दोघे जण बाजूला, आणि धारहून आलेला माणूस खुर्ची ओढून भिंतीशी. कृष्णाजीने आखडलेला जोड आणि नवा जोड शेजारी शेजारी ठेवला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. मालात खोट नाही, धगीने हे झालं. इथपर्यंत तो खरं बोलला.

"धगीशी कुणी ठेवले?" भैयासाहेबांनी विचारलं.

यमुनाबाईला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढे ओढून.

"मीच ठेवत होते," ती म्हणाली. "बंबापाशी. कृष्णाजींनीच सांगितलं होतं, खुशाल ठेवा म्हणून."

सगळ्यांनी कृष्णाजीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. धारचा माणूस खुर्चीत पुढे वाकला.

एवढंच म्हणायचं होतं, की होय, सांगितलं, मलाही ठाऊक नव्हतं.  पण त्याला दप्तरांचे पट्टे दिसले, दहा वर्षांचे, आणि धारचा माणूस उठून जाताना दिसला. त्याने नजर सपात्यांवर ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, "जिनगराच्या तीन पिढ्या झाल्या. कुठला कारागीर आपली वस्तू आगीशी ठेवा म्हणून सांगेल?"

भैयासाहेब हसले. "खरंय. बाई, ऐकण्यात चूक झाली असेल तुमची."

 कमिटीने यमुनाबाईला महिनाअखेरीस काम सोडून जायला सांगितलं. मोडलेल्या मनगटाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवं होतं, आणि कमिटीत तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. धारचा माणूस जाताना कृष्णाजीच्या पाठीवर थाप मारून गेला. पुढच्या आठवड्यात न्हाणीघराच्या दारावर पाटी लागली: सपाते बंबाजवळ ठेवू नयेत. खाली, भैयासाहेबांच्या हुकमाने, कारागिराच्या सूचनेवरून असं लिहून कृष्णाजीचं नावही घातलं होतं. पाटी बघून त्याने नजर फिरवली. कधी ना कधी जनाची नाही तर मनाची लाज वाटतेच माणसाला, पण ती वाटून त्याने केलं काय? काही नाही. धारच्या पोरांची मापं घेऊन आला.

महिनाअखेरीला यमुनाबाई हाटपिपल्याला भावाकडे निघाली. भावजय किती खाष्ट होती ते साऱ्या देवासला ठाऊक होतं. कृष्णाजी मोटार स्टँडवर गेला. का गेला, ते त्यालाच सांगता आलं नसतं. तिचं गाठोडं जमिनीवर होतं, ते त्याने उचलून धरलं.

"यमुनाबाई, माझा इलाज नव्हता," तो म्हणाला.

कमिटीनंतर तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. तिचा आवाज चढला नाही.

"इलाज होता. मी तिथं उभी होते ना. तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी लगेच म्हणणार होते, की त्यांचा तरी काय दोष, नवी वस्तू, त्यांना काय ठाऊक. मनात जुळवून आले होते मी ते. दोघांचंही निभावलं असतं. म्हणून तर तुमच्याकडं बघत होते."

 मोटारीचं इंजिन सुरू झालं. यमुनाबाई चढून खिडकीशी बसली. त्याने गाठोडं वर केलं, खिडकीपर्यंत. तिने हात पुढे केला नाही.

"भिया," तिने कंडक्टरला हाक मारली, "नीचे मेरी गठरी रह गई है, जरा उठा लो."

कंडक्टर खाली उतरला, आणि कृष्णाजीच्या हातातून गाठोडं घेऊन वर गेला.