पेनड्राइव्हमधलं भगदाड

सावेडीत संदीप सरांच्या वेबसाइटच्या ऑफिसात भारती दोन वर्षं राबत होती, आणि आज तिची नोकरी टांगणीला लागली होती. कोपरगावच्या एका शाळेची साइट हॅक झाली होती. ऐन प्रवेशाच्या दिवसांत पालक मोबाईलवर गुगलमधून शाळा शोधायचे आणि थेट जुगाराच्या पानावर जाऊन पडायचे. पत्ता टाइप करून उघडली, की साइट अगदी साळसूद. संस्थाचालक भिमाजीअण्णा फोनवर तापले, तेव्हा सरांनी काही न बघताच सांगून टाकलं, की भारतीचा पासवर्ड फुटला असणार.

भारती दातओठ खात कामाला लागली. आधी बिघडलेल्या साइटची प्रत आणि कुणी कधी काय चढवलं याच्या सर्व्हरवरच्या नोंदी बाजूला काढल्या. वर्डप्रेसच्या मूळ फायली नव्या कोऱ्या टाकल्या. साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमच्या एका फाइलमध्ये अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ होती. उलगडली तर जुगाराचा पत्ता. फोटोंच्या फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल दडून बसली होती. फोटोंत कोडचं काय काम? शिवाय एक अनोळखी ॲडमिन खातं. तिन्ही उडवली. मग होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, सगळे ॲडमिन, सर्वांचे पासवर्ड बदलले. कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त चाव्याही बदलल्या, म्हणजे आधीपासून लॉगिन होऊन बसलेला कुणीही आपोआप बाहेर.

राहिली घुसायची वाट. ती नोंदींत सापडली. ती पीएचपी फाइल चढली होती फोटो सरकवणाऱ्या प्लगिनमधून, म्हणजे साइटला जोडलेल्या एका जास्तीच्या तुकड्यातून, तेही भारतीला या साइटचं लॉगिन मिळण्याच्या आठवडाभर आधी. हे प्लगिन सरांच्या पेनड्राइव्हमधलं, फुकट पळवलेलं, कधीच अपडेट न होणारं. ऑफिसातली प्रत्येक साइट त्याच पेनड्राइव्हवरून उभी राहायची. भारतीला इतकं हायसं वाटलं, की डोळे भरून आले. तिनं प्लगिन काढलं, फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद केलं आणि नोंदींची छापील पानं सरांपुढे ठेवली.

सरांनी ती शांतपणे वाचली. इतका शांत माणूस तिनं कधी पाहिला नव्हता.

"बाकीच्या चाळीस गिऱ्हाइकांना काय सांगू? माझाच पेनड्राइव्ह?" ते म्हणाले. "तुला आता ठेवता येणार नाही. पण पुण्याला नोकरीसाठी अर्ज केलायस ना? अनुभवाचा दाखला लागेल. अण्णांना फोनवर सांग चूक तुझी, लगेच देतो."

दाखल्याशिवाय पुण्यात कुणी दारात उभं करणार नव्हतं, आणि हे या गृहस्थाला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू केला.

"माझीच चूक झाली अण्णा," भारती म्हणाली.

"पोरी, लई नाव घालवलंस आमचं," अण्णा म्हणाले, आणि सरांचे आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

सरांनी नोंदींची पानं फाडली. मग तिला सर्व्हरवरून स्वतःचं लॉगिन काढून टाकायला लावलं आणि शब्दाला जागून लगेच दाखला टाइप केला. खाली सही केली, शिक्का मारला. रिक्षात बसल्यावर भारतीनं तो वाचला. दोन वर्षांचा अनुभव लिहिला होता, आणि पुढे: सुरक्षेतील निष्काळजीपणा स्वतः कबूल केल्याने सेवा समाप्त.