सोमवारी मुद्दल होतं

आईने बँकेच्या टेबलावर पासबुक असं ठेवलं, जसं काही पोरीचं प्रगतिपुस्तकच. तीन वर्षं दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी उपसून दर महिन्याला भरलेले पैसे. शेजारी चिमणी, म्हणजे तिची लेक, नव्या नोकरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली.

"सोमवारपासून हप्ता ना साहेब? तेवढा आकडा सांगा," आई म्हणाली. "व्याज मी भरतच आलेय."

कर्जवाल्या साहेबांनी स्क्रीन पाहिली, मग पासबुक.

"काकू, कर्जखात्यात एक पैसा आलेला नाही. हे बचत खातं आहे. मुलीचं."

"बँक तीच ना?"

"बँक तीच, खाती दोन. आपण सांगितल्याशिवाय इकडचं तिकडे जात नाही. कर्ज चार लाख. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक, हप्ता नव्हता, पण व्याज चालूच होतं. ते साठून लाखभर झालंय. सोमवारी ते मुद्दलात मिळवणार. मग मुद्दल पाच लाख, हप्ता पाच लाखांवर, आणि त्या लाखालाही व्याज लागणार."

"म्हणजे व्याजाला पण व्याज."

"हो. पण आज शुक्रवार आहे. आज जेवढं भराल, तेवढं व्याजातून कमी होईल आणि मुद्दलात जाणार नाही."

आईचा जीव भांड्यात पडला. "मग खात्यातले नव्वद हजार उचला की."

"खात्यात साठ आहेत."

आईने चिमणीकडे पाहिलं. चिमणी टेबलाच्या कडेचं सुटत आलेलं सनमायका नखाने दाबत बसली होती.

"मला वाटलं, तू खर्चाला टाकतेस," ती म्हणाली. "महिन्याला मेसेज यायचा. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही."

"बोलले असते तर तू शिकायचं सोडून हिशोब करत बसली असतीस. कशाला लागले?"

"खोलीचं भाडं. आणि चष्मा."

साहेबांनी उगाच माउस हलवला. मग आईने लेकीचा चेहरा नीट निरखला, जणू आजच बघतेय.

"चष्मा चांगला आहे," ती म्हणाली. "स्वस्तातला घेतला असतास तर डोकं उठलं असतं."

चिमणीला रडू येत होतं, पण हसूच आलं. "आई, त्या साठात वीस माझा पहिला पगार आहे. तुला कपाट घ्यायचं होतं."

"माझ्या चादरी-साड्या दोरीवर सुखात आहेत. साहेब, साठ पूर्ण घाला व्याजात."

"म्हणजे चाळीसच मुद्दलात जातील. लाखाच्या जागी." साहेबांनी पावती दिली आणि पासबुकाच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत कर्जखात्याचा नंबर लिहिला. "यापुढे ह्याच्यावर भरा."

आईने पासबुक चिमणीच्या हातात दिलं.

"आता तू भर. आणि भरलंस की मला सांग," ती म्हणाली. "मी पण सांगत जाईन."