अंगठ्याखालचा शब्द

औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पदविकेच्या अखेरच्या वर्षाची एक विद्यार्थिनी मोबाइलच्या पडद्यावर डोळे रोवून बसली होती. शंका विचारण्याची तिला इतकी खोड होती की दुकानाचे वृद्ध फार्मासिस्ट तिला 'शंकासुर' म्हणत, आणि तीही त्या नावाला निमूटपणे ओ देई.

पडद्यावर एका चिठ्ठीचे छायाचित्र होते. सांधेदुखीने बोटे सुजलेल्या एका वृद्धाच्या मुलाने ते पाठवले होते. पाच वाजता तो औषधे न्यायला येणार होता. अक्षर असे, की मुंग्यांची रांग पावसात सापडावी. त्यातच कागद धरणाऱ्याचा अंगठा पहिल्या ओळीच्या शेवटावर येऊन बसला होता.

तिने एकेक चिन्ह सोडवत नेले. 'एमटीएक्स', म्हणजे मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅम. पुढे डोक्यावर रेघ ओढलेल्या तीन उभ्या काड्या, म्हणजे तीन गोळ्या. 'पी.ओ.', तोंडाने. मग 'क्यू', लॅटिनमधला 'प्रत्येक'. आणि त्यापुढे अंगठा.

प्रत्येक काय? दिवसभरात तिने पाहिलेल्या चिठ्ठ्यांत 'प्रत्येक'नंतर दिवसच आला होता. हातानेही सवयीने काम केले: 'रोज तीन गोळ्या' असे लेबल छापून झाले.

दुसरी ओळ वाचताना मात्र ती थबकली. 'एफए', म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, पाच मिलिग्रॅम, एक गोळी, आठवड्यातून एकदा, गुरुवारी. एकूण चार गोळ्या द्या. मग पहिल्या ओळीखाली पुसटसे दिसले, 'मिटे बारा', म्हणजे बारा गोळ्या द्याव्यात. रोज तीन घेतल्या तर चार दिवसांत संपतील. आठवड्याला तीन, तर चार आठवडे.

मेथोट्रेक्सेट रोज घेतले तर रक्तपेशी कमी होतात, तोंड सोलवटते, माणसाच्या जिवावर बेतते, हे तिने पाठ केलेले होते. पाठ असूनही हात फसला होता.

"सर, हे आठवड्याचंच असणार ना? बघा, दोन्ही हिशेब जुळतात."

फार्मासिस्टांनी चष्मा कपाळावर चढवला. "जुळतात. पण तू वाचलंस का?"

"नाही. अंदाज केला."

"अगं, श्लोकात अध्याहार चालतो, न लिहिलेला शब्द आपण मनाने घालून अर्थ लावतो. औषधाच्या मात्रेत चालत नाही. मघाचं लेबल कुठाय?"

तिने ते चुरगाळून मुठीत धरले होते. त्यांनी ते पाहिले आणि फोन तिच्यापुढे सरकवला. त्यामुळे तिचा गोंधळ अधिकच वाढला. रागावले असते तर बरे झाले असते.

मुलाला फोन करून अंगठा बाजूला घ्यायला सांगितले. दुसरे छायाचित्र आले. अंगठा हटला होता, पण घामाने शाई पसरून तिथे निळा डाग पडला होता. त्यात तिला कधी आठवडा दिसे, कधी दिवस, कधी नुसताच डाग. आपण वाचतो आहोत की हवे ते बघतो आहोत, हेच तिला कळेना.

"आता डॉक्टरांना विचार," फार्मासिस्ट म्हणाले.

दवाखान्यातल्या मदतनिसाने फोन उचलला. "अहो ताई, नेहमीचंच आहे, लिहून टाका ना!"

"नेहमीचं म्हणजे किती दिवसांनी?"

"ते मला काय माहीत!"

"मग ज्यांना माहीत आहे त्यांना द्या. मी थांबते."

थांबली. पंधरा मिनिटे फोन कानाला लावून ती डागाकडेच बघत राहिली. अखेर डॉक्टरांचा दमलेला आवाज आला. "आठवड्यातून एकदाच. सोमवारी, तीन गोळ्या एकदम. विचारलंत ते बरं केलंत."

तिने ऐकलेले त्यांना पुन्हा म्हणून दाखवले, तारीख-वेळेसह कागदावर टिपले, आणि नवे लेबल छापले: 'फक्त सोमवारी. आठवड्यातून एकदा. तीन गोळ्या.'

पाच वाजता मुलगा मूळ कागद घेऊन आला. बारा गोळ्या बघून त्याने कपाळाला आठी घातली.

"एवढ्याच? बाबा तर म्हणतात, रोज तीन घेतल्या तर लवकर आराम पडेल. आजपासूनच सुरू करणार होते."

तिने पाकीट त्याच्या हातात न देता लेबल त्याच्यासमोर धरले.

"दादा, कधी घ्यायच्या, तुम्हीच सांगा मला."

"सोमवारी."

"आणि मंगळवारी?"

तो गडबडला, त्याने लेबलाकडे बघितले. "मंगळवारी... नाही."

"बुधवारी?"

"नाहीच. पुढच्या सोमवारपर्यंत नाही."

"हेच बाबांना सांगा, आणि त्यांच्या तोंडून वदवून घ्या. मग फोन करा मला."

तिने पाकीट त्याच्या हातात दिले. तो गेल्यावरही त्या डागात आपण नेमके काय वाचले आणि काय नाही, हे तिला उमगत नव्हते. सात वाजता फोन वाजला. पलीकडून वृद्धाचा चिडका आवाज आला, "सोमवारी, बाई, सोमवारी! किती वेळा म्हणायचं?"

"अजून एकदा, काका," ती म्हणाली.