भानुमतीची खुर्ची

हयग्रीवरावांनी घराच्या पुढच्या खोलीतल्या दवाखान्याचं दार आजवर खुर्ची विकत घ्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांना उघडलं होतं आणि दोघांनाही खोट काढून वाटेला लावलं होतं. एक फार बोलत होता. दुसऱ्यानं खुर्चीवर हेल्मेट ठेवलं. खरं कारण त्यांचं त्यांना ठाऊक होतं. दातांची डॉक्टर असलेली त्यांची बायको, भानुमती, जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि ही खुर्ची गेली की पुढच्या खोलीत तिचं असं काहीच उरणार नव्हतं. पण मेटगळ्ळीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून घालवलेल्या माणसाला, मशीन नुसतं पडून राहिलं की मरतं, हे कोणी सांगायला नको होतं.

तिसरी आली ती डॉ. स्पृहा. सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथं कानडी मुलखात आलेली. सहा वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यांत तासावर राबल्यावर आता हेब्बाळला एक खोली भाड्यानं मिळाली होती. नवी खुर्ची झेपणारी नव्हती. ही जमली नाही तर दवाखाना आणखी वर्षभर लांबणार होता. सोबत तिनं भुजंगराव मेकॅनिकला आणलं होतं.

भुजंगरावांनी आधी खुर्चीला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर धरला. टाकीखालचा कॉक उघडला आणि गढूळ, गंजकं पाणी येईल म्हणून फडकं पुढं केलं. आलं ते चमचाभर, स्वच्छ.

"अय्यो, रोज संध्याकाळी काढतो की मी," हयग्रीवराव म्हणाले. "चालवतो, पाणी काढतो, फिल्टर पुसतो. खुर्ची वरखाली करतो. तिनंच शिकवलेलं. दुसरं काय काम आहे मला?"

भुजंगरावांनी टाकी किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहिलं, मोटर आपोआप बंद होते का पाहिलं, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. दहा मिनिटं दाबाचा काटा जागचा हलला नाही. हवेचा झोत पांढऱ्या कागदावर सोडला, तेलाचा ठिपकासुद्धा उमटला नाही. हयग्रीवरावांना पोराचा पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. पण नाही म्हणायला आता निमित्त कुठं उरलं होतं?

"खुर्चीवर वजन पाहिजे," भुजंगराव म्हणाले. "रिकामी खुर्ची काय, कुठलीपण वर राहते. तुम्हीच झोपा की सर. दहा मिनिट."

हयग्रीवराव बिचकत आडवे झाले. तीस वर्षांच्या संसारात ते या खुर्चीत कधी बसले नव्हते. खुर्ची वर गेली, पाठ मागं कलली, दिवा लागला. भानुमती हाच दिवा दिवसभर लोकांच्या तोंडावर धरायची. ती इथं उजव्या हाताला बसत असेल, या उंचीवर तिचा चेहरा दिसत असेल. तो चेहरा एकदा, एकदाच दिसावा असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी डोळे मिटून घेतले. खुर्ची बोटभरही खाली आली नाही.

"काका, ही पाण्याची बाटली कधी भरलेली?" स्पृहानं विचारलं.

हयग्रीवराव ताडकन उठून बसले. खुर्चीच्या बाजूला पाण्याची बाटली लावलेली होती. दाताला पाणी मारतात ते तिथूनच येतं. ती तेवढी त्यांनी कधी हलवली नव्हती.

"तिनं भरलेली. शेवटच्या दिवशी. तिला हात लावू नका."

स्पृहा जवळ आली. बाटलीच्या तळाशी हिरवट बुळबुळीत थर साचला होता.

"काका, हे पाणी आत नळ्यांतही थांबलंय. हीच घाण त्यांच्यातही धरली असणार. ते पेशंटच्या तोंडात जाईल. नळ्या सगळ्या बदलाव्या लागतील, बाटलीही. रोज संध्याकाळी ही रिकामी करायची असते, सकाळी दोन मिनिटं पाणी सोडून द्यायचं असतं."

"ती रोज रिकामी करायचीच," ते पुटपुटले. "त्या दिवशी म्हणाली, बरं वाटत नाहीये, उद्या करते. रात्री हॉस्पिटलात नेली, मग घरी आलीच नाही."

"बाटली तुम्ही ठेवा," स्पृहा म्हणाली. "मी नवी आणते. फक्त खुर्ची मला द्या."

"नको." हयग्रीवराव खाली उतरले. फिटरच्याच सवयीनं त्यांनी आधी हवा बंद केली, दाब सोडला, मग बाटली फिरवून काढली. "तिचं राहिलेलं काम आहे. मी करतो."

त्यांनी ती मोरीत उपडी केली. दीड वर्ष जपलेलं पाणी, एका घोटाएवढ्या वेळात गेलं. ते पाठमोरेच उभे राहिले आणि रडले, आणि दोघांनी त्यांना रडू दिलं.

मग तोंड धुऊन ते आले. "आयतु, अम्मा, ठरलं. उद्या टेम्पो आणा." जरा घुटमळले. "दवाखाना उघडलात की पहिला नंबर माझा लिहा. उजवीकडची दाढ दुखते."

"किती दिवस, काका?"

"तीन-चार वर्षं. ती रोज म्हणायची, जरा बसा खुर्चीत, बघते. मी म्हणायचो, तू घरातच आहेस की, दाखवू कधीतरी."